चौकोनी लाटेची शिंगं

आमच्या कॉलेजात प्रयोग करायची पद्धत नव्हती, प्रयोग उतरवायची पद्धत होती. हॉस्टेलच्या खोलीत दोन विटांवर काच ठेवायची, खाली साठचा बल्ब लावायचा, काचेवर सिनियरचं जर्नल, त्यावर आपला कोरा कागद, आणि उजेडात दिसेल ती रेघ गिरवायची. बोटं भाजायची, पण डोक्याला काही होत नसे, कारण ते वापरावंच लागत नसे. या जर्नलचं जर्नल, त्याचं जर्नल असं मागं मागं गेलं तर सगळ्यांचा मूळपुरुष एकच निघायचा. एकोणीसशे सत्त्याऐंशी सालचं, निळ्या पुठ्ठ्याचं, गुणवंतराव बोरकुटे यांचं जर्नल. तेव्हा ते पहिल्या बॅचचे विद्यार्थी होते. मी सांगतोय ती गोष्ट नव्व्याण्णवची, तेव्हा ते इलेक्ट्रॉनिक्सचे विभागप्रमुख झाले होते. मधल्या बारा वर्षांत त्यांनी नवीन काही वाचलं असेल तर ते माझ्या पाहण्यात नाही, आणि मी त्यांच्या लॅबचा टेक्निशियन, रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असायचो.

मी इतवारी शेंडे. चंद्रपूरच्या आयटीआयमधून निघालो तो थेट या लॅबमध्ये चिकटलो. कॉलेज चंद्रपूर आणि बल्लारपूरच्या मध्ये, रस्त्याला लागून. वारा फिरला की पेपर मिलचा वास थेट वर्गात. प्राध्यापक येत-जात. त्यांच्यापैकी निम्म्यांना सोल्डरिंगची सळई कुठल्या बाजूनं धरायची हे माहीत नसे, आणि उरलेल्यांना ते माहीत असल्याचा गर्व असे. मी सगळ्यांना मनातल्या मनात हसायचो. तो माझा पगाराव्यतिरिक्तचा लाभ होता.

प्रयोग क्रमांक सहा म्हणजे गोल गोल साइन लाटांपासून चौकोनी लाट उभी करणं. एक मोठी साइन घ्या, तिच्यात तिप्पट वेगाची पण एक-तृतीयांश उंचीची मिसळा, मग पाचपट वेगाची एक-पंचमांश उंचीची, मग सातपट, नऊपट. जसजशी भर पडते तसतशी बेरीज सपाट होत जाते, कडा उभ्या होतात, आणि सीआरओच्या, म्हणजे लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर चौकोनी लाट दिसू लागते. फक्त एक गोष्ट राहते. जिथं लाट खालून वर उडी मारते, तिथं ती थांबायच्या जागी थांबत नाही, थोडी वर जाते आणि मग खाली येते. प्रत्येक कोपऱ्यावर एक शिंग. सरांच्या जर्नलमध्ये शिंगं नव्हती. तिथं पट्टीनं मारलेल्या सरळ रेघा होत्या आणि खाली निष्कर्ष होता: "पदांची संख्या वाढविली असता कोपऱ्यावरील शिंगे नाहीशी होतात." पदं म्हणजे या मिसळलेल्या साइन. बारा वर्षं सातशे पोरांनी हे वाक्य गिरवलं. त्यातल्या एकानंही पडद्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मग हर्षा रामटेके मॅडम आल्या. मूल गावच्या. वडील बापूराव तिथल्या राइस मिलमध्ये कामाला, लहान भाऊ आयुष बारावीत. मॅडम रोज सकाळच्या एसटीनं येत आणि पाचच्या एसटीनं जात. तीन वर्षं त्या तात्पुरत्या ऑर्डरवर होत्या. दर जूनमध्ये नवीन कागद, दर एप्रिलमध्ये जुना संपलेला. त्या वर्षी कायम पद निघालं होतं. मार्चमध्ये विद्यापीठाची समिती येणार, लॅब पाहणार, सरांची शिफारस पाहणार आणि मग मॅडम कायम. नाहीतर घरी. एवढं साधं होतं, आणि सगळ्या विभागाला ते ठाऊक होतं.

मॅडमनी प्रयोग सहासाठी नवीन किट तयार केलं. जुनं किट म्हणजे आतून झुरळांचं वसतिगृह झालं होतं. नव्यात प्रत्येक साइनचं वेगळं कार्ड, सगळी कार्डं एकाच घड्याळावर बांधलेली, म्हणजे कोणी पुढं-मागं सरकायला नको. प्रत्येक कार्डाला समोर एक स्विच. पाच स्विच, पाच साइन. डिझाइन त्यांचं, जोडणी माझी. चौकोनी लाट वर पाच व्होल्ट, खाली उणे पाच, अशी ठरवली. स्विच टाकले आणि पडद्यावर सुंदर लाट आली, दोन्ही कोपऱ्यांना शिंगांसकट. शिंगाचं टोक मोजलं तर पाच पूर्णांक नऊ.

बोरकुटे सर आले, चष्मा कपाळावर सारला, आणि म्हणाले, "हे काय काढून ठेवलं?"

"ओव्हरशूट आहे सर," मॅडम म्हणाल्या.

"ते मले दिसते. काढा ना मग. समितीसमोर असं वाकडंतिकडं दाखवाल का?"

"ते निघत नाही सर."

"काऊन नाई निघत? पदं वाढवा. माझ्या जर्नलात लिवून हाय." सर स्वतःच्या जर्नलचा दाखला असा द्यायचे जणू ते विद्यापीठानं छापलं आहे. "पाच टाकले म्हणून शिंगं हायेत. पंधरा टाका, गायब होतात का नाई पाहा."

मॅडमनी वाद घातला नाही. दहा कार्डं आणखी बनवली. तीन आठवडे मी वाकून सोल्डर करत होतो आणि सरांना शिव्या देत होतो, अर्थात मनात. एकोणतीसपटीपर्यंतच्या पंधरा साइन झाल्या. सगळे स्विच टाकले. लाट खरोखर झकास झाली, मधला भाग जवळजवळ सपाट, कडा ताठ. आणि कोपऱ्यावर शिंगं. बारीक झालेली, कडेला चिकटलेली, पण उंची पुन्हा मोजली तर पाच पूर्णांक नऊ.

मला स्वतःला ते चमत्कारिक वाटलं. मी म्हणालो, "मॅडम, तिप्पट माल घातला आन् शिंग तसंच? हे तं आपल्या सरांसारखं झालं, कितीही शिकवा."

त्या हसल्या. "इतवारीभाऊ, इकडं या. एक गंमत पाहा." त्यांनी आधी पाचच स्विच ठेवले आणि मला पडद्यावर टेकवलेल्या एका काचेवर मार्करनं तो कोपरा गिरवायला लावला. मग पंधराही स्विच टाकले, आणि सीआरओची वेळेची बटणं फिरवून चित्र आडवं तिप्पट ताणलं. कोपरा सरकवून काचेखाली आणला. रेघेवर रेघ बसली. तीच चढण, तेच टोक, त्याच्यामागचा तोच खड्डा.

"पदं वाढवली की शिंग खाली येत नाई," मॅडम म्हणाल्या, "ते फक्त आंग चोरून कडेजवळ जाते. पाच पदांत टोक कडेपासून अर्ध्या मिलिसेकंदावर होतं, पंधरात त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आलं. तुम्ही कडेपासून दूर कुठंही उभे राहा, कधी ना कधी शिंग तुमाले ओलांडून पुढं जाते आन् तुमच्या जागी लाट बरोबर पाचवर बसते. पण शिंग संपत नाई. जेवढी उडी, तिच्या साधारण नऊ टक्के. आपली उडी उणे पाचपासून पाच, म्हणजे दहा व्होल्ट. म्हणून नऊ दशांश वर. पन्नास टाका, पाचशे टाका, तेवढंच."

"पण काऊन?"

"साइन गुळगुळीत असते. मोजता येतील अशा कितीही साइनची बेरीज केली तरी ती गुळगुळीतच राहणार. तिले उडी मारता येत नाई, पळत चढावं लागते. आन् वरच्या वेगाच्या ज्या साइन आपण घेतल्याच नाईत, त्याच तिथं तिले वेळेवर आवरणार होत्या. त्या नाईत म्हणून ती पुढं जाते. आणखी घेतल्या तर चढण जास्त उभी होते, आन् न घेतलेल्या तरीही उरतातच. त्यांचा सगळा हिशोब त्या कडेशीच चुकतो."

मला कॉलेजात इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं. आनंद झाला, हे कबूल करतो.

मॅडमनी हेच सरांना दाखवलं. सरांनी काच पाहिली, पडदा पाहिला, आणि म्हणाले, "म्हणजे माझं जर्नल चुकीचं हाय असं म्हणून राह्यल्या का तुम्ही?"

मॅडमनी काच टेबलावर ठेवली.

"शिंगं कमी करता येतात सर," त्या म्हणाल्या. "वरच्या साइनचं वजन हळूहळू कमी करत नेलं तर. पण मग कड आडवी पडते, चढायला वेळ घेते. आणि ते एक-तृतीयांश, एक-पंचमांश राहत नाही. अभ्यासक्रमात—"

"मले वजन-बिजन सांगू नका. सोमवारी समिती येऊन राह्यली. सोमवारी शिंगं दिसली तर मी शिफारशीत काय लिवू? किट सदोष, प्रभारी अध्यापिकेला दोष काढता आला नाही, असं लिवू?" एवढं बोलून ते चहाला गेले. चहाच्या बाबतीत त्यांचा कधी ओव्हरशूट झाला नाही, बरोबर चारला.

शनिवारी अर्धा दिवस. मॅडम एकच्या एसटीला गेल्या आणि सर लॅबमध्ये आले. दार लोटलं.

"इतवारी, तू हुशार माणूस हायेस."

माझ्याबद्दल खरं कोणी बोललं की मी सावध होतो.

"हे शिंगं छाटता येत नाईत का? वरून? एखादा डायोड-बियोड लावून?"

येतात. कोणत्याही आयटीआयवाल्याला येतात. दोन झेनर डायोड पाठीला पाठ लावून आउटपुटपासून ग्राउंडला जोडले की त्यांच्या मापापेक्षा उंच काहीही गेलं तरी तिथंच कापलं जातं. मी तेवढ्यावर थांबलो नाही, हुशार ना मी. नुसती शिंगं छाटली तर मागचे खड्डे दिसत राहतील, हे मला समजलं. पहिला खड्डा साडेचार व्होल्टपर्यंत उतरत होता. म्हणून त्याच्याही खाली, चार पूर्णांक तीनला कापलं. सीआरओची उंची थोडी वाढवून ठेवली, म्हणजे पडद्यावर पाचच दिसावेत. पडद्यावर पट्टीनं मारल्यासारखी लाट आली, थेट सत्त्याऐंशी सालातली.

"शाब्बास," सर म्हणाले. "मॅडमले सांगू नको. त्यांचंच भलं हाय यात. त्या कायम होतील, समिती खूश, मी खूश."

त्यांचंच भलं. मी स्वतःलाही तेच सांगितलं. आता खरं सांगतो, मला मॅडमपेक्षा माझी शाबासकी जास्त गोड लागली होती.

माझी एक सवय होती. लॅबच्या दुरुस्ती रजिस्टरमध्ये मी सगळं लिहायचो. कोणता प्रोब तुटला, कोणता फ्यूज बदलला, कोणाच्या सांगण्यावरून. उद्या कोणी बोट दाखवलं तर माझी मान मोकळी. त्या दिवशीही लिहिलं, ठळक अक्षरात: "किट क्र. ६, आउटपुटला दोन झेनर बसविले. मा. विभागप्रमुख यांच्या तोंडी आदेशावरून." सर दर शनिवारी रजिस्टरवर सही करत. वाचत कधीच नसत. मी पान पुढं केलं, त्यांनी लफ्फेदार सही ठोकली, खाली तारीख घातली आणि किट आपल्या केबिनमध्ये कुलूपबंद करून निघून गेले. मी घरी जाताना शीळ घालत होतो. बारा वर्षांतला सर्वांत मोठा विनोद माझ्या कपाटात होता आणि तो फक्त मला कळला होता.

सोमवारी समिती आली. तिघं होते. दोघं नाश्त्यासाठी आलेले आणि तिसरे नागपूरचे निवृत्त प्राध्यापक, जाड भिंगाचा चष्मा, कमी बोलणारे. किट टेबलावर आलं तेव्हा मॅडमनी ते दोन दिवसांनी पाहिलं. सरांनी स्वतःच पंधरा स्विच खटाखट टाकले.

पडद्यावर चौकोन आला. नाश्तेवाले दोघं म्हणाले, "वा, वा."

मॅडमच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

म्हाताऱ्यांनी भिंगं पडद्याजवळ नेली. "शिंगं कुठं गेली?"

"पदं वाढवली सर, गेली," बोरकुटे सर म्हणाले. "आमच्या रामटेके मॅडमनी फार मेहनत घेतली. मी शिफारशीत तसं लिहिलंच आहे." आणि ती शिफारस त्यांनी खरोखर फायलीतून काढून टेबलावर ठेवली. सही झालेली. मॅडमचं नाव टाइप केलेलं. सरांचा दिलदारपणा असा होता, दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि गाठ आपल्या हातात ठेवायची.

म्हातारे मॅडमकडे वळले. "पदं वाढवून गेली? तुम्ही सांगा."

नुसतं "हो" म्हणायचं होतं. एका अक्षरात मूलचं घर, आयुषचं शिक्षण, दर एप्रिलची धाकधूक, सगळं मिटलं असतं. मी मनात म्हणत होतो, म्हणा मॅडम, हो म्हणा, या गाढवांना काय कळतंय.

मॅडम म्हणाल्या, "पाहून घेऊ सर."

त्यांनी एकोणतीसचा स्विच बंद केला. मग सत्तावीस. पंचवीस. एकेक करत मागं आल्या. कडा तिरप्या होत गेल्या, पण डोकं सपाटच. नऊ बंद, सात बंद, पाच, तीन. उरला फक्त पहिला. एकटी मूळ साइन. पडद्यावर गोल डोंगर दिसायला हवा होता. दिसला तो वरून तासलेला, सपाट माथ्याचा.

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. पाच व्होल्टची चौकोनी लाट करायची तर पहिली साइन एकटी सहा व्होल्टच्याही वर जाते. बाकीच्या साइन येऊन तिला मधून दाबतात. झेनरला काय, शिंग आणि डोंगर सारखेच. त्यानं दोन्ही छाटले.

"एकट्या साइनचं डोकं असं नसतं सर," मॅडम म्हणाल्या. "आत काहीतरी बसवलेलं आहे. शिंगं पदं वाढवून जात नाहीत. ती उडीच्या नऊ टक्के राहतात."

म्हाताऱ्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मीच दिला. झाकण निघालं. नव्या सोल्डरचे दोन ठिपके चकाकत होते.

"हे कोणी लावलं?"

बोरकुटे सर क्षणभरही अडखळले नाहीत. "किट मॅडमच्या ताब्यात होतं सर. डिझाइन त्यांचं. आम्ही विश्वास ठेवला." आणि ती शिफारस त्यांनी अलगद फायलीत परत सारली.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जोडणी तुमची ना? तुम्ही लावले?"

"हो साहेब."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

रजिस्टर चार पावलांवर होतं, कपाटाच्या वरच्या खणात. पान, तारीख, लफ्फेदार सही. किल्ली माझ्या खिशात होती. बारा वर्षं मी ज्या माणसाला हसत आलो तो माझ्यासमोर उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. एक खण उघडायचा, बस. सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेवढ्यात मला माझी पेन्शन दिसली, पोरं दिसली, बदलीचा कागद दिसला.

"कोणाच्याच नाई साहेब," मी म्हणालो. "चुकून लागले."

नाश्तेवाल्यांपैकी एक हसला. म्हातारे हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या लॅबकडे निघाले. अहवाल महिन्यानं आला. किट संशयास्पद, अध्यापिकेचं विषयज्ञान चांगलं, परंतु प्रयोगशाळेवर नियंत्रण नाही. सरांना त्यातलं "परंतु" तेवढं पुरलं. एप्रिलमध्ये मॅडमची ऑर्डर संपली आणि जूनमध्ये नवीन निघाली नाही.

झेनर मी अहवाल यायच्या आधीच काढून टाकले होते. कोणाच्या लक्षातही आलं नाही. शिंगं पुन्हा उभी राहिली, पाच पूर्णांक नऊ, आणि त्यांच्यासमोर बसून पोरं रात्री काचेवर गिरवलेल्या सपाट रेघा सहीसाठी पुढं करत राहिली. सर सही करत राहिले.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी मॅडम चार्ज द्यायला आल्या. किल्ल्या, मल्टिमीटर, मॅन्युअल. सगळं मोजून दिलं. मला वाटलं त्या बोलतील, रागावतील. मी तयारही होतो, म्हणजे मान खाली घालायला तयार होतो.

"चार्ज दिल्याची नोंद कुठं करायची?" त्यांनी विचारलं.

नोंद दुरुस्ती रजिस्टरमध्येच करायची पद्धत. मी खण उघडला आणि रजिस्टर दिलं, आणि हातातून सुटल्यावर मला आठवलं. त्या कोरं पान शोधत मागून पानं उलटत होत्या. मार्चच्या पानावर थांबल्या. वाचलं. सही पाहिली. तारीख पाहिली.

"मॅडम, मले पण पोरं हायेत," मी म्हणालो.

त्यांनी पान उलटलं. पुढच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहिल्या, सही केली, वेळ घातली. रजिस्टर मिटून माझ्यासमोर ठेवलं आणि पर्स खांद्याला लावली. पाचच्या एसटीला अजून अवकाश होता.

"इतवारीभाऊ," दारातून त्या म्हणाल्या, "अक्षर लय चांगलं हाय तुमचं."